वर्षाची बेगमी आणि धान्यातील कीड

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमात मला बोलण्यास सांगितले गेले तेव्हा चिटणीसांची अशी अपेक्षा होती की, जन्मभर शिक्षकी केलेल्या माणसाने शिक्षणावर चार शब्द बोलावेत. परंतु शिक्षणावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी विषय निवडला तो तांदूळ आणि डाळी वर्षभर टिकविण्याचा. त्याचे कारण असे की, या विषयात मी एकदा पुरता नापास झालो आहे, आणि नापास झालेल्या विद्यार्थ्यास आपली चूक जितकी स्पष्ट आठवते तितकी उत्तीर्ण झालेल्यास आपली बरोबर उत्तरे आठवत नाहीत.

प्रथम ती हकीकत सांगतो. आपल्यापैकी अनेकांप्रमाणे माझेही वडीलबंधू कोकणात गावी शेती पाहतात. २०१८ सालच्या मे महिन्यात त्यांनी आपल्या शेतातला ६० किलो तांदूळ आम्हांस पाठविला. मी हौसेने १०० किलोची पोलादी कोठी विकत आणली, तांदूळ तीत ओतला, वर कडुनिंबाचा पाला पसरला, आणि वर्षाची काळजी मिटली असे समजून स्वस्थ बसलो. रोज सकाळी झाकण उघडावे, मापटे भरून तांदूळ काढावा आणि झाकण लावावे, असा क्रम चालला. ऑगस्टच्या अखेरीस एके दिवशी आमच्या मंडळींनी कोठीत हात घातला आणि त्या म्हणाल्या, "अहो, तांदूळ गरम कसा लागतो?" मी हात घातला. खरोखरच आत ऊब होती. वरचा थर दूर केला तो खाली सोंडकिडे नुसते वळवळत होते, आणि कोठीच्या मध्यभागी तांदळाचे गोळे होऊन त्यांस कुबट वास येत होता. त्या दिवशी सुमारे ४० किलो तांदूळ टाकून द्यावा लागला. गणपतीत बंधू आले. त्यांनी विचारले, "तांदूळ कसा काय निघाला?" मी उत्तर दिले, "उत्तम." भावाशी मी खोटे बोललो ते त्याच वेळी. ते मनास लागून राहिले, आणि तेव्हापासून या गोष्टीचा मी शोध घेऊ लागलो.

माझी पहिली समजूत अशी होती की किडा बाहेरून येतो, आणि झाकण घट्ट असले म्हणजे तो येऊ शकत नाही. ही समजूतच चुकीची. तांदळातला सोंड्या आपल्या लांब सोंडेने दाण्यास सूक्ष्म भोक पाडतो. मादी त्यात एक अंडे घालते आणि ते भोक चिकट द्रव्याने बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते, आतच तिचा कोष होतो, आणि पूर्ण वाढलेला किडा दाणा फोडून बाहेर पडतो तेव्हाच तो आपल्याला दिसतो. उबदार हवेत या सर्वांस पाच आठवड्यांच्या आसपास लागतात. अशी एक मादी आपल्या आयुष्यात काहीशे अंडी घालू शकते. म्हणजे मे महिन्यात जो तांदूळ चाळून, पाखडून, निवडून अगदी स्वच्छ दिसतो, त्याच्या पोटात कीड आधीच असू शकते. आणि ऑगस्ट संपेपर्यंत तिच्या तीन पिढ्या होऊन जातात. माझ्या कोठीत कीड शिरली नव्हती. ती मीच आत भरून ठेवली होती.

कडधान्याचा भुंगा याहून थोडा निराळा. तो अख्ख्या मुगावर, चवळीवर, हरभऱ्यावर किंवा तुरीवर अंडे वरूनच चिकटवितो. बारकाईने पाहिल्यास दाण्यावर पांढरा ठिपका दिसतो तोच हा. अळी तेथून आत शिरते आणि पुढे गोल भोक पाडून भुंगा बाहेर येतो. पुष्कळ वेळा ही लागण शेतातच, शेंगा झाडावर असतानाच झालेली असते. सोललेल्या, फोडलेल्या डाळीवर हा भुंगा तितकासा वाढत नाही. यास्तव वर्षाची साठवण करावयाची तर अख्ख्या तुरीपेक्षा तुरीची डाळ अधिक निर्धोक. मात्र डाळीत चुरा आणि पीठ राहिले तर लहान तांबूस पोरकिडे व जाळी करणारी पाखरे होतात, म्हणून ती चाळून घेणे अवश्य आहे.

कीड आत आहे असे एकदा गृहीत धरले म्हणजे कामाचा क्रम आपोआप ठरतो. पहिले, दाणा कोरडा करणे. दुसरे, आतली कीड मारणे. तिसरे, उरलीसुरली वाढू नये अशा रीतीने हवा कोंडणे. भांडे कोणते हा प्रश्न या तिघांच्या नंतरचा आहे. मी तो सर्वांत आधी सोडविला, तेथेच फसलो.

कोरडेपणाचे महत्त्व असे की, दाण्यात ओल जितकी कमी तितकी कीड मंद वाढते, आणि बुरशी तर कोरड्या दाण्यावर धरतच नाही. तांदळात शंभर भागांत १२ भागांहून अधिक ओल नसावी, डाळीत ९-१० भागच असावी. घरी हे मोजावे कसे? एक सोपी परीक्षा आहे. काचेची स्वच्छ, अगदी कोरडी बाटली घ्यावी. तिच्यात एक तृतीयांश तांदूळ आणि दोन-तीन चमचे तव्यावर भाजून थंड केलेले बारीक मीठ घालावे, झाकण लावून काही मिनिटे हलवावी आणि मग स्थिर ठेवावी. मीठ काचेस चिकटून राहिले तर ओल १५ भागांच्या वर आहे असे समजावे. तो तांदूळ साठवणीचा नव्हे. मीठ मोकळे खाली पडले तर निदान धोक्याची ओल नाही. डाळीची परीक्षा दातांनी होते: दाणा कटकन तुटला पाहिजे, दबता कामा नये. येथे एक इशारा दिला पाहिजे. डाळ कडक उन्हात वाळविली तर चालते, परंतु सडलेला तांदूळ भर उन्हात टाकला तर त्यास तडे जातात आणि शिजताना त्याची कणी होते. तांदूळ सावलीत, खाटेवर चादर पसरून, पंख्याच्या वाऱ्यावर दोन-तीन दिवस वाळवावा. आणि हे काम एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत उरकावे. जूनच्या दमट हवेत वाळवू गेल्यास दाणा हवेतून ओल उलट घेतोच.

आता आतली कीड मारण्याविषयी. यास घरी दोनच खात्रीचे मार्ग आहेत, थंडी आणि उष्णता. ज्यांच्या शीतकपाटात बर्फाचा स्वतंत्र कप्पा आहे आणि त्यात उणे १८ अंशांपर्यंत थंडी होते, त्यांनी धान्य जाड पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर तेथे ठेवावे. धान्याच्या मध्यभागापर्यंत थंडी पोहोचण्यासच एक-दोन दिवस लागतात, म्हणून घाई करू नये. पुढची गोष्ट मी चुकून शिकलो. पिशवी बाहेर काढल्याबरोबर उघडू नये. थंड दाण्यावर बाहेरच्या हवेतली वाफ पाणी होऊन बसते आणि वाळविलेले धान्य पुन्हा ओले होते. पिशवी बंद ठेवूनच एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा, ती हातास साधी लागली म्हणजे मगच भांड्यात भरावी. एका दाराच्या जुन्या शीतकपाटातल्या लहान कप्प्यात पुष्कळदा इतकी थंडी नसते; तापमापक ठेवून खात्री करून घ्यावी.

अख्ख्या कडधान्यांस उष्णता उत्तम. काळे कापड किंवा काळा प्लास्टिकचा कागद गच्चीवर पसरावा, त्यावर मुगाचा बोटभर थर द्यावा, वरून पारदर्शक प्लास्टिक झाकून कडा विटांनी दाबाव्यात. एप्रिलच्या दुपारी दोन-तीन तासांत आतले दाणे ६० अंशांच्या वर तापतात आणि अंडी, अळ्या, भुंगे सर्व मरतात. ढगाळ दिवशी हे साधत नाही. तापलेले धान्य गरम असतानाच भरू नये. पूर्ण थंड होऊ द्यावे, नाहीतर भांड्यात वाफ धरते. ज्यांस ऊनही नाही आणि बर्फाचा कप्पाही नाही, त्यांनी आपल्या आजीचा उपाय करावा: एक किलो अख्ख्या कडधान्यास एक चहाचा चमचा खाद्यतेल किंवा एरंडेल दोन्ही हातांनी सारखे चोळावे. तेलाचा पातळ थर अंड्याची हवा तोडतो. परंतु आत आधीच शिरलेल्या अळीवर तेलाचा फारसा इलाज चालत नाही, हे ध्यानात ठेवावे. कडुनिंबाचा पाला, बिब्बे, लवंगा यांचेही तसेच. वासाने बाहेरचा किडा थोडा दूर राहील. दाण्यातला मरणार नाही. आणि अर्धवट ओला पाला घातला तर त्याची ओल धान्यास मिळते. माझ्या कोठीत तेच झाले असावे.

तिसरी गोष्ट हवा कोंडण्याची. किडा आपल्यासारखाच श्वास घेतो. घट्ट बंद भांड्यात धान्य काठोकाठ भरले असेल तर दाण्यांच्या फटींत असलेली थोडी हवा उरलेले किडे लवकरच वापरून टाकतात. मग त्यांचे खाणे थांबते, अंडी घालणे थांबते आणि अखेर ते मरतात. परंतु या युक्तीस दोन अटी आहेत. भांडे काठोकाठ भरलेले असले पाहिजे आणि ते उघडता कामा नये. माझी कोठी १०० किलोची आणि तांदूळ ६० किलोचा. वर केवढी तरी हवा होती. शिवाय रोज सकाळी झाकण उघडून मी त्या किड्यांना ताजी हवा देत होतो. किडे वाढले, त्यांच्या श्वासोच्छ्वासाने ऊब आणि वाफ निर्माण झाली, ती वाफ दाण्यांस लागली आणि बुरशी धरली. कोठी गरम का लागली याचे उत्तर हेच.

यावरून माझ्या सर्व शोधाचे सार एका वाक्यात सांगतो: वर्षाचे धान्य एका मोठ्या कोठीत भरू नका, बारा महिन्यांचे बारा वाटे करा. जो महिना चालू असेल त्याचेच भांडे उघडावयाचे, बाकीची अकरा मुद्रा मारल्यासारखी बंद. एका भांड्यास कीड लागली तरी नुकसान एका महिन्याचे, वर्षाचे नव्हे.

आता आमच्या घरचा प्रत्यक्ष हिशेब देतो. आम्हांस महिन्यास ५ किलो तांदूळ आणि २ किलो तुरीची डाळ लागते. एक किलो तांदळास किंवा डाळीस अजमासे सव्वा लिटर जागा लागते. तेव्हा तांदळासाठी सव्वासहा लिटरांची १२ भांडी आणि डाळीसाठी अडीच लिटरांच्या १२ बरण्या, असा संच आम्ही दोन वर्षांत हळूहळू जमविला. भांड्यांत थोडी जागा उरलीच तर स्वच्छ जाड प्लास्टिकची घडी वर दाबून बसवितो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून दर आठवड्यास तांदळाच्या ५ किलोच्या दोन पिशव्या बर्फाच्या कप्प्यात जातात. मेच्या मध्यापर्यंत बाराही पिशव्या होतात. डाळ उन्हात तापवून घेतो, ती दोन दुपारींत आटोपते. प्रत्येक भांड्यावर चिठ्ठी असते: कोणते धान्य, कोठले, कोणत्या तारखेस भरले, आणि कोणत्या महिन्यात उघडावयाचे.

भांड्यांविषयी थोडे सांगतो. पोलादाचा डबा उंदरास आणि किड्यास अभेद्य, प्रकाशही आत जात नाही. परंतु आपल्या नेहमीच्या डब्याचे झाकण नुसते बसते, हवा अडवीत नाही. यासाठी डब्यात आधी अन्नासाठीच बनविलेली जाड पिशवी घालावी, धान्य भरावे, पिशवीतली हवा दाबून काढावी, तोंड पीळ देऊन दुमडावे, दोऱ्याने करकचून बांधावे आणि मग झाकण लावावे. पोलाद लवकर तापते व लवकर थंड होते. थंड झालेल्या पत्र्याच्या आतल्या बाजूस दव धरते. म्हणून डबा चुलीजवळ किंवा पावसाने भिजणाऱ्या भिंतीस लावून ठेवू नये. लाकडी पाटावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावा.

प्लास्टिकचे भांडे हलके आणि स्वस्त, परंतु ते अन्नासाठी केलेले असले पाहिजे. रंगाचे किंवा औषधांचे रिकामे पिंप कितीही धुतले तरी धान्यास वापरू नये. भांड्याच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो. त्यावरून प्लास्टिकची जात कळते. १, २ किंवा ५ हे आकडे पाहावेत, आणि त्याबरोबर अन्नास योग्य असल्याची खूण, म्हणजे पेला व काटा यांचे चित्र, असल्यास उत्तम. झाकणास रबराचे कडे असावे. पातळ पिशव्यांवर विसंबू नये. काही किडे त्या कुरतडून आरपार जातात. उंदीर तर जाड प्लास्टिकही सोडीत नाही.

काचेची बरणी डाळीस आणि कडधान्यास मला सर्वांत आवडते. कारण ती उघडल्यावाचून आत पाहता येते. तिला वास लागत नाही, हवा आत जात नाही. दोष दोनच: ती फुटते, आणि प्रकाशात डाळीचा रंग उतरतो. म्हणून ती बंद कपाटात खालच्या फळीवर असावी. कोणत्याही लहान भांड्याची परीक्षा अशी: रिकाम्या भांड्यास झाकण लावून ते पाण्याच्या बादलीत दाबून धरावे. बुडबुडे आले तर हवा सुटते आहे. अशा भांड्यात चालू महिन्याचे धान्य ठेवावे, साठवणीचे नव्हे. भरण्यापूर्वी ते उन्हात पूर्ण वाळवून घ्यावे.

पोलादाच्या डब्यात आत काय चालले आहे हे कसे कळावे? यासाठी आमच्या मंडळींनी एक युक्ती काढली, तिला आम्ही साक्षीदार म्हणतो. प्रत्येक वेळी भरताना त्याच तांदळाची एक लहान काचेची बाटली काठोकाठ भरून डब्यांशेजारी ठेवावयाची. पंधरा दिवसांनी ती उजेडात धरून पाहावयाची. तळाशी पांढरे पीठ साचले, दाण्यांस भोके पडली किंवा दाणे जाळ्याने एकमेकांस चिकटले, तर त्या खेपेचे डबे ताबडतोब उघडून तपासावयाचे. नुसती कीड असेल तर चाळून, पुन्हा थंडीत ठेवून धान्य वाचते. परंतु गोळे झाले असतील, कुबट वास असेल किंवा हिरवट-काळी बुरशी दिसली तर ते धान्य धुऊन किंवा शिजवून खाऊ नये. बुरशीचे विष शिजविल्याने जात नाही. ते गुरांना-कोंबड्यांनाही घालू नये. कष्टाचे धान्य टाकणे जिवावर येते हे मी जाणतो. पण तेथे मोह टाळलाच पाहिजे.

मोहाचाच विषय निघाला म्हणून एक कडक शब्द बोलतो. माझे तांदूळ बिघडल्याचे ऐकून एका शेजाऱ्यांनी प्रेमाने मला गोदामात वापरतात त्या गोळ्या आणून दिल्या होत्या. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्यांतून हवेतल्या ओलीने विषारी वायू सुटतो. तो बंद घरात झोपलेल्या माणसांचा प्राण घेतो, आणि त्यावर उतारा नाही. त्या प्रशिक्षित माणसांनी, मोकळ्या गोदामात वापरण्याच्या आहेत. राहत्या घरात एकही गोळी आणू नये. मी त्या गोळ्या त्यांस परत दिल्या आणि त्यांच्याही घरी ठेवू नका म्हणून हात जोडले. पाऱ्याच्या गोळ्या आणि तांदळास चोळावयाची बोरिक पूड यांचीही चाल आपल्यात आहे. दोन्ही पोटात जाण्याजोगी द्रव्ये नव्हेत. पाहुणा आला, घाईत तांदूळ नीट धुतला गेला नाही, असे प्रत्येक घरी होते. जे धुण्यावर विसंबून आहे ते घरात नसावे.

शेवटी मर्यादाही सांगितली पाहिजे. हातसडीचा तांदूळ या कोणत्याही रीतीने वर्षभर टिकत नाही. त्याच्या कोंड्यात तेल असते, ते काही महिन्यांत खवट होते. तो दोन-तीन महिन्यांपुरताच घ्यावा. पांढरा सडलेला तांदूळ आणि उकडा तांदूळ वर्ष सहज काढतो. अख्खी कडधान्ये टिकतात, परंतु उष्ण व दमट जागी वर्षभर राहिल्यास कडक होतात आणि शिजता शिजत नाहीत. तेव्हा ती सहा महिन्यांपुरती भरावीत.

ज्या वर्षी आमचे बारावे भांडे प्रथम उघडले, त्या वर्षी एप्रिलमध्ये गावाहून नवा तांदूळ आला तेव्हा जुन्या तांदळाचा भात अजून आमच्या पानात होता, आणि तो मोकळा, सुवासिक होता. बंधू जेवावयास बसले होते. मी त्यांस सांगितले की हा आपण गेल्या वर्षी दिलेला तांदूळ, आणि २०१८ सालचा मात्र मी किड्यांना घातला होता. तेव्हा आपल्याशी खोटे बोललो. ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अरे, त्या साली पाऊस लांबला होता. भात पुरते वाळले नव्हते. तू विचारले असतेस तर मी सांगितले असते." म्हणजे त्या तांदळातली ओल गावाहूनच आली होती, आणि ते कळण्याचा सरळ मार्ग मीच खोटे बोलून बंद केला होता. हल्ली ते तांदूळ पाठविताना आधी मिठाची परीक्षा करतात आणि पोत्यात चिठ्ठी घालतात.